पाचवा करंट

आमच्या नांदेडच्या डाळमिलमधी करंटाबद्दल माझ्याएवढं कुणालाच कळत नव्हतं. मला चारदा बसला व्हता, बाकीच्यायला एकदाबी न्हाई.

मी मूळचा जळकोटकडचा. मिलमधी पोती उचलायला आलो आन् मोटारीपाशी चिकटलो. मिलचे इलेक्ट्रिक मिस्त्री म्हंजे चाचा. त्यायच्या हाताखाली पाना धरायचा, शिव्या खायच्या, ह्येच माझं काम. चाचांची नजर आता अधू झालती. "ये सीजन के बाद घर बैठतूँ," म्हनून राहिले व्हते. त्यायच्या जागी वायरमनचं सर्टिफिकेट असलेला मानूस पायजे. म्हंजे कालचं एखादं पोरगं साहेब व्हनार आन् मी त्याचा पाना धरनार, न्हाईतर परत पोत्याखाली.

आयटीआयमधी सांजच्याला वायरमनचा वर्ग निघाला. आठवी पासवर घेत व्हते. आठवीचा दाखला माझ्यापाशी व्हता. गुरुजीनं मला घालवायच्या खुशीत लगेच लिहून दिल्ता. अडचन येवढीच, की मिल आठला सुटती आन् वर्ग सहाला भरतो. वरून फी. मालकाला इचारल्याशिवाय मार्ग न्हाई.

आमच्याकडं चारच्या चहाला मालक वजनकाट्यापाशी खुर्ची टाकून बसतेत, तळहातावर डाळ घेऊन बघतेत आन् मला म्हनतेत, "बोल रे, काय नवीन?" मंग मी कायतरी सोडतो, हमाल हसतेत, मालक हसतेत. रोजचंच हाय. मला वाटलं, हसरा मानूस लवकर हो म्हनतो. म्हनून तिथंच बोललो.

"शेठ, मला शिकायला सुट्टी पायजे. आन् फीबी तुमीच भरा."

मालकाच्या हातातली डाळ सांडली, येवढे हसले. "तू वर्गात बसला तर मास्तर सुट्टीवर जाईल की रे!"

सगळी मिल हसली. आता गप बसावं का न्हाई? मी म्हनलं, "तर काय शेठ, मास्तराचीबी फी तुमालाच भरावी लागंल." आनखी हसले. चहा सपला, कप गेले, माझा अर्जबी कपासंगंच गेला.

त्यानंतर मला कुठं बसवंना. वर्गाची भरती बंद व्हायला आठवडा राहिला व्हता. उगंच डाळ वर चढवनाऱ्या एलिव्हेटरपाशी जायाचो, परत यायचो. चालू मोटारीला हात लावून बघायचो, गरम झाली का. एकदा स्टार्टरचं झाकन उलटं बसवलं. चाचांनी पाना काढून घेतला.

"तूने माँग्या नै रे. तूने तमाशा कऱ्या. जा, ऑफिस में जा."

ऑफिसात वैनी बसतेत, मालकाची सून. हजेरी, पगार, बँक सगळं त्यायच्याकडं. त्या हसत न्हाईत. दारात मी दोनदा चप्पल काढली, दोनदा घातली.

"आत या भाऊ. काय पायजे?"

सांगितलं. त्यायनी इचारलं, "पावती मिळंल का? परीक्षा कवा? मधीच सोडलं तर?" ह्याची उत्तरं कशीबशी दिली.

"आन् तुमी साडेपाचला गेल्यावर मोटार बंद पडली तर कोन बघनार? तूर यायचे दिवस हायेत."

ह्याचा मी इचारच केला नव्हता. फीची काळजी केली, वर्गाची केली, मिलचीच करायची राहिली. म्हनलं, "मोटार माझं ऐकती वैनी, मी तिला सांगून जाईन."

वैनीनं हजेरीचं बुक पुढं वढलं. "मानूस सांगा. मंग बोलू."

चाचांपाशी आलो. ह्यावेळी तोंडातून काईच इनोद निघंना. नुस्तं काय झालं ते सांगितलं. चाचा चष्मा पुसत बसले. मंग उठले आन् थेट ऑफिसात गेले.

बाहेर आले तवा ठरलं व्हतं. माझी परीक्षा व्हईपर्यंत चाचा राहनार, सांजची मोटार तेच बघनार. मी सकाळी लवकर येऊन तास भरून काढायचे. अर्धी फी मिल आता भरनार, अर्धी मी भरायची, ती पास झाल्यावर पावती दाखवली की परत. परीक्षेच्या दिवसांची भरपगारी सुट्टी. मधीच सोडलं तर मिलची फी पगारातून कापनार. पास झालो तर दोन वर्सं दुसरीकडं जायाचं न्हाई. वैनीनं अर्ज लिहवून घेतला. माझं अक्षर बघून पहिल्यांदाच त्या हसल्या, तेबी तोंडावर हात धरून.

चारच्या चहाला मी काट्यापाशी छाती काढून उभा राहिलो. "शेठ, आता मला नीट बोलायचं. मी कॉलेजवाला झालो." मालक हसले, हमाल हसले.

चाचा तेवढे हसले न्हाईत. कप खाली ठिवला आन् म्हनले, "दात अंदर ले. मैं घर बैठनेवाला आदमी, फूटी आँखाँ से तेरे वास्ते रुक्या हूँ. फेल हुआ तो पाँचवा करंट मैं देतूँ."