शेवटची पगारपट्टी नादिरच्या नावाने

आमच्या बिस्किटांच्या कारखान्यात वजनकाट्यावर एक माणूस होता, त्याचं नाव शह्हात. शह्हात म्हणजे भिकारी. चिडवायला ठेवलेलं नाही, जन्मदाखल्यावरचं नाव. त्याच्या आधीचे दोन भाऊ वर्षाचे व्हायच्या आत गेले. हा तिसरा झाला तेव्हा त्याच्या आईने, हाज्जा बखीताने, सात घरी हात पसरून चिंध्या मागितल्या, पोराला त्यात गुंडाळलं आणि हे नाव ठेवून दिलं. असल्या नावाकडे मरण ढुंकूनही बघत नाही, अशी तिची खात्री. आणि पोरगं जगलं, आता बोला.

जगलं, मोठं झालं, एकतीस वर्षं आमच्या इथे मैद्याचे ट्रक तोलत राहिलं. एका किलोचाही घोळ कधी नाही. दर महिन्याला मात्र त्याच्या पगारपट्टीवर ठळक अक्षरांत भिकारी छापून यायचं, आणि ती पट्टी छापायचे मी. मी मुफीदा, पगाराचा हिशोब माझ्याकडे. माझं तोंड फटकळ आहे, पण ती पट्टी त्याच्या हातात देताना मी नेहमी दुसरीकडे बघायचे. तो घडी घालून खिशात टाकायचा, वाचायचा नाही.

साठीला, म्हणजे निवृत्तीला, दोन महिने उरले असताना त्याने नागरी नोंदणीत अर्ज करून नाव बदलून घेतलं. आईला न सांगता. ती ऐंशीच्या घरात, पण नावाचा विषय काढला की अजूनही चप्पल शोधायची. मग एक दिवस लेखा विभागाच्या पत्त्यावर त्याचं ईमेल आलं. काट्यावरच्या संगणकावर एका बोटाने लिहिलेलं, सकाळी सुरू करून दुपारी पाठवलेलं.

“लेखा विभागास सलाम. माझे नाव कायद्याने दुरुस्त झाले आहे. पूर्ण नाव नादिर अब्दुलमौजूद दियाब हसनैन. राष्ट्रीय क्रमांक तोच आहे, फक्त पहिले नाव बदलले. नवे ओळखपत्र, दुरुस्त जन्मदाखला आणि बँकेने नाव बदलल्याचे पत्र जोडले आहे. विमा कार्यालयातही अर्ज दिला आहे. या महिन्याची पगारपट्टी माझी शेवटची. ती एक तरी माझ्या नावाने यावी.”

मी दोनदा वाचलं. माणूस एकतीस वर्षांत काही मागत नाही आणि मागतो तेव्हा हे.

आता गंमत अशी, की पट्टी मी छापत असले तरी नाव माझ्या हातात नसतं. ते एचआरच्या नोंदीतून आपोआप येतं. तिथे बसते इंजी, नखं लांब आणि वाचन थोडं. तिला मी ईमेल पुढे पाठवलं आणि नीट लिहिलं: जुनी नोंद उघड, कर्मचारी क्रमांक तसाच ठेव, फक्त नाव बदल, आणि वीस तारखेपर्यंत कर, कारण त्यानंतर पगाराचं काम बंद होतं. बाईने ओळ अर्धी वाचली. तिने नादिर नावाचा नवा कर्मचारी भरती केला, सहा महिन्यांच्या उमेदवारीवर, आणि शह्हातची नोंद बंद करायला गेली. बंद करताना यंत्र कारण विचारतं. राजीनामा म्हणावं, तर अर्ज नाही. निवृत्ती म्हणावं, तर वय व्हायचंय. उरला होता मृत्यू. तिने तो दाबला.

मृत्यू दाबला की आमचं यंत्र कर्तव्याला चुकत नाही. मिनिटभरात सगळ्या कारखान्याच्या फोनवर शोकसंदेश गेला, शिक्क्यासकट. कॅन्टीनवाल्याने किटलीभर बिनसाखरेची कॉफी उकळली, दुखवट्याला तीच लागते. आमचे साहेब, उस्ताज वहीद, डोळे पुसत खाली आले, तर फाटकाबाहेर खुद्द मयत खुर्ची टाकून बसलेला. जेवून परत येताना त्याचं कार्ड फाटकाने घेतलं नव्हतं. साहेब त्याच्या शेजारी बसले, हातात कॉफी होती ती त्याला दिली. दोघांनी मिळून प्यायली.

मी इंजीला इतकं झापलं की मजला शांत झाला. तर ती मलाच म्हणाली, “पण ताई, दुरुस्तीच्या अर्जावर कर्मचाऱ्याची सही लागते, आणि तो तर वारलाय.” कपाळावर हात मारण्यापलीकडे मी काय करणार?

पट्टीचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, नाहीतर जीव टांगणीला लागेल. वीस तारखेला संध्याकाळी मी साहेबांची सही घेतली, नादिरची नवी भरती रद्द केली, शह्हातला पुन्हा जिवंत केलं आणि लगेच त्याच नोंदीत नाव बदललं. मी शिकलेली बाई, पण बिस्मिल्ला म्हटलं तेव्हा कुठे जिवंत करायचं बटण दाबलं गेलं. नोकरीची एकतीस वर्षं शाबूत राहिली आणि पट्टीवर त्याच्या पूर्ण नावातले चारही शब्द व्यवस्थित आले. त्याने ती घडी न घालता घरी नेली.

पण त्या दिवशी, संदेश गेल्यानंतर तासाभरात, फाटकाशी एक गाडी थांबली. कारखान्यातल्या त्याच्या एका भाच्याने गावभर बोंब ठोकली होती. काळ्या कपड्यातल्या पाच-सहा बायका उतरल्या, मधोमध हाज्जा बखीता. खुर्चीवर बसलेला मुलगा दिसला. तिने आधी त्याचा चेहरा चाचपला आणि मग एक सणसणीत ठेवून दिली.

त्याला सगळं कबूल करावं लागलं. नाव बदललं, लपवलं, सगळं. मान खाली घालून म्हणाला, “आई, एक तरी कागद मला माझ्या नावाचा हवा होता गं.”

मीही तोवर फाटकाशी आले होते. म्हातारीने माझ्याकडे वळून विचारलं, “मग मेला कोण?”

“कागदावर शह्हात मेला, हाज्जा,” मी म्हटलं. “चुकून.”

“शिक्का आहे?”

“आहे.”

तिने माझ्या फोनवरचा तो संदेश हातात घेतला. वाचता येत नव्हतं, तरी शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, “मरण ज्याला न्यायला आलं होतं, त्याला नेलं तर. खबरदार कुणी त्याला परत आणाल तर.”

मी मान डोलावली. नंतर एका मिनिटासाठी मी त्याला आणलंच, ते तिला कुणी सांगितलेलं नाही आणि सांगायचंही नाही.

मग ती मुलाच्याच खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. साठ वर्षं ही बाई रडली नव्हती म्हणे, रडलं तर मरणाला पत्ता लागेल म्हणून. आधीच्या दोघांसाठीही नाही. साहेब पुढे झाले आणि दुखवट्याला म्हणतात ते म्हणाले, गेलेल्याचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो. मग आम्ही सगळेच रांगेत उभे राहिलो. हमाल, ड्रायव्हर, इंजीसुद्धा. म्हातारी एकेकाचा हात हातात घेत होती.

रांगेच्या शेवटी तो उभा होता. आईसमोर वाकला. तिने त्याचा हात धरला.

“उरलेलं आयुष्य तुला लाभो,” ती म्हणाली, “नादिर.”