डिव्हिडंड म्हणजे दुसरा हप्ता नव्हे

सात-आठ वर्षांपूर्वी रस्त्यात शेताची पट्टी गेली, तिचे मला आणि मोठ्या जाऊबाईंना, म्हणजे अक्कांना, सारखे पैसे मिळाले. परळीच्या फंडवाल्याकडे आम्ही एकाच दिवशी, एकाच फंडात ते गुंतवले. त्यानं विचारलं, ‘‘ग्रोथ का डिव्हिडंड?’’ मी झेडपीची मास्तरीण, मला काय कमी कळतं! मी ताडकन म्हणाले, ‘‘डिव्हिडंड.’’ अक्का म्हणाल्या, ‘‘माजं राहू दे तितंच.’’

माझा हिशोब साधा होता. साखर कारखाना आधी उसाचं पहिलं बिल देतो, मग दिवाळीला वरून दुसरा हप्ता. तो मिळाला म्हणून आपला ऊस काही कमी होत नाही. डिव्हिडंडही तसाच असणार. खात्यात पैसे पडले की मी पेढे घेऊन अक्कांकडे जायची आणि चिडवायची, ‘‘अक्का, तुमचा फंड झोपलाय का?’’ त्या हसून पेढा खायच्या.

यंदा दोघींच्या लेकींना फार्मसीला प्रवेश मिळाला. माझा आनंद गगनात मावेना. फी भरायला फंडातून पैसे काढायचे म्हणून आम्ही उड्या मारतच परळी गाठली. फंडवाल्यानं दोन्ही आकडे दाखवले. अक्कांचा आकडा माझ्या दुपटीहून जास्त होता. माझ्यात पहिल्या वर्षाची फी निघत होती, पुढची नाही.

मी त्याच्यावर भडकलेच. ‘‘चुकलंय तुमचं कंप्युटर.’’

तो शांतपणे म्हणाला, ‘‘मॅडम, पन्नास रुपयांच्या युनिटवर तीन वाटले की युनिट सत्तेचाळीसचं होतं. तुमचेच पैसे तुमच्या हातात येतात, आणि त्यावर दरवर्षी टॅक्स. ताईंचे तीन रुपये आतच राहिले, त्यांच्यावरही वाढ चढत गेली. त्यांना टॅक्स लागंल तो विकल्यावर, नफ्यावर.’’ मग त्यानं माझ्या स्टेटमेंटवरच्या डिव्हिडंड पर्यायाच्या नव्या नावावर बोट ठेवलं. त्यात ‘भांडवल काढून घेणे’ असं स्पष्ट छापलेलं होतं. इतकी वर्षं मी ते वाचलंच नव्हतं. मास्तरीण म्हणे!

मिळालेले डिव्हिडंड धरून बेरीज केली, तरी मी मागेच होते. आणि ते तर साड्यांत, मिक्सरमध्ये कधीच संपले होते. मला इतकी लाज वाटली, की अक्कांकडं बघवेना. आता त्या चिडवतील, आणि चिडवावंच, असं वाटत होतं.

फंडवाल्यानं अक्कांपुढं पैसे काढायचा फॉर्म सरकवला. ‘‘किती लिहू?’’

‘‘दोन पोरींच्या फीचे लिव्ह,’’ अक्का म्हणाल्या.

मी म्हणाले, ‘‘अक्का, माझं मी बघते काहीतरी.’’

‘‘तू काय बघतीस? गप बस. आन् तुजं जे हाय, ते काडू नगंस, माज्यावानी ग्रोथला टाक. वाडंल तितंच.’’