गच्चीवरच्या टाक्यांचे फोटो

महिनाभर माझा दिवस पहाटे पाचला गच्चीवर सुरू झाला. चाळीस वर्षं प्लंबिंग केलं, गुडघे गेले, पण काम अर्धवट सोडायची सवय नाही. आमच्या सोसायटीत प्रत्येक फ्लॅटची टाकी वेगळी आहे आणि तिला पातळी दाखवणारी पारदर्शक नळी आहे. टँकरने टाकी भरली की एक फोटो, दुसऱ्या दिवशी भरण्याआधी दुसरा. दोन्हींतला फरक म्हणजे वापर. फोटो जोडून कमिटीला अर्ज दिला: टँकरचा खर्च वापराप्रमाणे वाटावा. आम्ही दोघंच, सातजणांच्या घराइतकं का भरायचं? बेरीज मुद्दाम कमिटीवर सोडली, म्हणजे माझ्यावर कुणाचा संशय नको.

मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, "काका, सगळ्यांत जास्त वापर तुमचाच निघतोय."

शेजारी बसलेली बायको शांतपणे म्हणाली, "आमचा फ्लश सहा महिने गळतोय. जगाचे नळ दुरुस्त केले यांनी, घरचं मात्र उद्या."

अर्ज एकमताने मंजूर झाला. बारा वर्षांत इथे कशावरच एकमत झालं नव्हतं.

त्या महिन्यात माझे कष्टाचे पैसे दोन गोष्टींवर गेले: सोसायटीतलं सर्वांत मोठं पाण्याचं बिल आणि एक रबरी वॉशर.