काळ्याच्या मागोमाग गेलेला पांढरा

मी चौथीपर्यंत शिकलो. कापडाच्या लूमवर एकवीस वर्षं काढली, कान जायला लागले तेव्हा स्नूकर क्लबात मार्कर झालो. मार्कर म्हणजे गुण मांडणारा, टेबलाच्या कापडाला ब्रश आणि इस्त्री करणारा आणि शेठलोकांच्या चुका बघून गप्प बसणारा. गप्प बसणं मला जमलं नाही, म्हणून मी लोकांना शिकवायलाही लागलो.

बायको गेल्यावर आठव्या महिन्यात पोरगा पुण्याहून आला. म्हणाला, "आप्पा, कोसाडची ही खोली विकू. तुम्ही माझ्याकडे चला."

त्या खोलीत तिनं तीस वर्षं शिलाई मशीनवर साड्यांना लेस लावली. मी म्हणालो, "नाही."

"एकटे काय करता इथं?"

"इस्त्री."

पोरगा हसला नाही. तो हापिसातल्या टेबलावर स्नूकर खेळतो, मोबाइलवर बघून बघून शिकलाय आणि आपण फार पुढे गेलो असं त्याला वाटतं. मीच विषय काढला. एक फ्रेम, म्हणजे एक डाव, खेळू. तू जिंकलास तर मी पुण्याला येतो, खोली विक. मी जिंकलो तर वर्षभर खोलीचं नाव काढायचं नाही. पोरगा लगेच हो म्हणाला. बापाचे हात कापतात हे त्यानं सकाळी चहाच्या कपात पाहिलं होतं.

दुपारी क्लब रिकामा असतो. मी दोन नंबरचं टेबल निवडलं. त्याचं कापड जाड, आणि त्या दिवशी मी त्यावर इस्त्री फिरवली नव्हती. हवा दमट होती. कापडातलं मला कळतं, कापडातच जन्म गेला.

पोरगा सगळीकडे स्क्रू मारत होता. पांढऱ्या बॉलच्या खालच्या अंगाला काठी लावायची, बॉल उलटा फिरत जातो आणि समोरच्याला लागून माघारी येतो, तो स्क्रू. बॉल जवळ असले की त्याचा स्क्रू छान बसे. "बघा आप्पा," म्हणायचा. मी बघायचो आणि पुढच्या वेळी पांढरा लांब ठेवायचो. मी स्वतः म्हाताऱ्यासारखा खेळलो. मध्यापेक्षा किंचित खाली टोला द्यायचा, वाटेत तेवढा उलटा फेर संपतो, पांढरा नुसता घसरत जाऊन सरळ टक्कर देतो आणि जागच्या जागी थांबतो. तो स्टन. पुढे न्यायचा असला की वरच्या अंगाला मारायचा, तो फॉलो.

"तुम्ही काही भारी मारतच नाही," पोरगा म्हणाला.

"भारी तू मार. मी गुण मांडतो."

शेवटी काळा उरला. मी चार गुणांनी पुढे. काळा सात गुणांचा, म्हणजे घातला की तो जिंकला. मी नेम चुकवला. काळा कोपऱ्यातल्या पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थांबला, पांढरा पार दुसऱ्या टोकाला, अगदी सरळ रेषेत. नेम मुद्दाम चुकवला होता. रेष तेवढी नशिबानं जमली.

"आप्पा, बॅग भरा," पोरगा म्हणाला.

"आधी घाल. पांढरा मागेमागे आत जाईल, सांभाळ."

"स्क्रू करतो ना."

मला बायको आठवली. मी मार्कर झालो तेव्हा तिनं विचारलं होतं, बॉल माघारी कसा येतो. मी तिची हिरवी प्लास्टिकची बांगडी घेतली (मशीनवर काचेची फुटायची म्हणून ती प्लास्टिकची घालायची) आणि मनगटानं उलटा पीळ देऊन फरशीवर सोडली. बांगडी पुढे घसरली, अडली आणि परत तिच्या पायाशी आली. "माघारी कशी काय उनी?" ती तिच्या बोलीत म्हणाली, आणि दुपारभर तेच खेळत बसली. संध्याकाळी तिनंच मला शिकवलं: पीळ कमी दिला तर फरशी तो वाटेतच खाऊन टाकते, मग बांगडी सरळ पुढे निघून जाते.

पोराचा हात आखडला. जिंकायचं होतं ना. त्यानं खाली टोला दिला, पण हळू. पांढरा अर्ध्या टेबलापर्यंत घसरला, तिथं दमट कापडानं त्याचा उलटा फेर खाल्ला आणि तो साधा घरंगळत चालू लागला. काळा आत गेला. पांढरा त्याच्या मागोमाग, मामाच्या घरी निघाल्यासारखा. पांढरा आत म्हणजे फाउल. सात गुण मला, फ्रेम संपली.

पोरगा पॉकेटकडेच बघत उभा राहिला. "मी खालीच मारला होता."

"खाली मारलास, जोर नव्हता. एवढ्या लांब जोर लागतो. नाहीतर फेर पोहोचतच नाही."

त्यानं कापडावर तळहात फिरवला. "आप्पा, इस्त्री केली नव्हती ना?"

"नव्हती."

"ही लबाडी आहे."

"मार्करचा पोरगा आहेस. टेबलाला हात लावून बघायचा आधी. आत्ता लावलास तसा."

तेव्हा तो हसला. घरी आल्यावर मी डब्यातून तीच हिरवी बांगडी काढून त्याच्यापुढे टाकली. जेवायला हाक मारली तरी उठेना. लादीवर बसून मनगट वळवत होता, आणि बांगडी दर वेळी सरळ जाऊन त्याच्या आईच्या मशीनखाली शिरत होती.

"जोर," मी म्हणालो. "आई एका दुपारीत शिकली होती. तुला वर्ष आहे."