वीस फुटाला सहा इंच

माझ्या सासूबाईंना वाहतं पाणी बघवत नाही. वांग्या-मेथीत जन्म गेलेली बाई. पाणी वाफ्यात थांबलं, जिरलं, तेव्हाच ते कामी आलं असं त्यांचं मत. आणि मी त्यांच्याच वांग्याच्या तुकड्यात शेडनेट उभारून वाहतं पाणी आणलं होतं.

बार्शीटाकळी रस्त्याला आमचं शेत आहे, शेतातच घर. एका मोठ्या खोलीएवढ्या जागेत बारा पांढऱ्या नळ्या, प्रत्येक वीस फुटांची, वरून भोकं पाडलेली. भोकात लेट्यूसचं रोप, माती नाही. खाली टाकी, टाकीत खत विरघळवलेलं पाणी. मोटर ते नळीच्या वरच्या टोकाला चढवते, तिथून ते मुळांखालून पातळसं वाहत पुन्हा टाकीत पडतं. दिवसभर हेच. सासूबाई लेट्यूसला विलायती पाला म्हणायच्या आणि मला वाटतं मलाही मनातल्या मनात तेच म्हणत असाव्यात. जमीन देताना त्यांनी साफ सांगितलं होतं, "एक पीक पायतो. नाई जमलं तं वांगे लावतो. मंग तोंड नको फुगवू."

एक पीक. म्हणजे हीच तीनशे साठ रोपं.

नळीला उतार लागतो. चाळीस इंचाला एक इंच, म्हणजे वीस फुटाला सहा. कमी झाला तर पाणी साचतं, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. आमची काळी जमीन तर ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, त्यामुळे स्टँडचे पाय हलतात. दर आठवड्याला मी गवंड्याची पाणसळ लावून उतार तपासायची. प्रत्येक नळीला मिनिटाला दीड लिटर पाणी हवं, म्हणून लिटरचं मापटं लावून मोबाईलवर वेळ बघायची. चाळीस सेकंदांत भरलं की त्या नळीचा कॉक बरोबर. सासूबाई बांधावरून बघून म्हणायच्या, "दूध मोजून राहिली का वं?"

फेब्रुवारीत एके सकाळी दोन नळ्या सपाट दिसल्या. खालच्या टोकाखाली फळकुटाचे तुकडे सारलेले. आत पाणी तुंबलेलं, मुळं पिवळट, भर पाण्यात पानं माना टाकून बसलेली.

"म्याच लावले," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "पाणी नुसतं पयून जाते. रोप पेईन कवा?"

माझा पारा चढला. मला राग लवकर येतो, आणि आला की जिभेला हाड राहत नाही. मी म्हणाले, "आई, तुमाले नाई समजत तं हात काहून लावता?" त्या फळकुटं काढून घेऊन गेल्या. पुढचे चार दिवस आमच्यात फक्त चहाचे कप बोलले. दोन्ही नळ्यांतली रोपं सावरली, पण माझं बोलणं काही परत घेता आलं नाही.

पाचव्या दिवशी मला अमरावतीला जावं लागलं. एका हॉटेलवाल्यानं माल बघायला बोलावलं होतं. नमुन्याच्या सहा गड्ड्या घेऊन गेले. त्याने पान तोडून चावलं आणि म्हणाला, उद्या सगळा माल पाठवा. मी आनंदाने बाहेर पडते न पडते तोच फोन वाजला. चार दिवसांनी सासूबाईंचा आवाज.

"तुह्या टाकीत पाणी पडाचा आवाज येऊन नाई राहिला."

"लाईन गेली असंन. इन्व्हर्टर लागला नाई का?"

"लाईन हाय. पंखा फिरते. मोटर जयाल्याचा वास येते."

मी रस्त्यावर जागीच थांबले. लाईन जाते हे आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना जन्मापासून माहीत. म्हणून मी पहिल्या दिवसापासून इन्व्हर्टर बसवला होता, बॅटरीचं पाणीसुद्धा स्वतः बघायची. पण लाईन असताना मोटरच जळेल, हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. उतार असा की मोटर थांबली की पाच-दहा मिनिटांत नळी रिकामी. मग मुळांच्या जाळीत जेवढी ओल असेल तेवढाच जीव. अकरा वाजले होते. दुपारच्या उन्हात ती ओल किती टिकणार?

"आई, लोट्यानं पाणी टाका, प्रत्येक नळीच्या वरच्या टोकाले," मी म्हणाले. "एकामागून एक..." फोन कट. परत लावला, उचलला नाही. मिळाली ती अकोल्याची बस पकडली आणि मूर्तिजापूरपर्यंत नऊ वेळा लावला. बसमध्ये मी मनातल्या मनात शेडनेट उतरवलं आणि वांगी लावून मोकळी झाले. अकोल्यात उतरून धावतच दुकानातून नवी मोटर घेतली आणि ऑटोवाल्याला सांगितलं, दादा, उडव.

शेडनेटचं दार उघडलं आणि आधी आवाज ऐकला. टाकीत पाणी पडत होतं. धार बारीक, पण पडत होतं.

सासूबाई पालथ्या क्रेटवर बसल्या होत्या, पदर खोचलेला, हात कॉकवर. टाकीत आमच्या कूलरची छोटी मोटर बुडवली होती. माळ्यावरचा कूलर त्यांनी एकटीने खाली ओढला होता. मोटर खार धरून अडकली होती, ती केसातल्या पिनेने मोकळी केली होती.

"बाराही सोडले तं निरा थेंब थेंब," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "खालच्या रोपापर्यंत जाईच ना. घागरभर पाण्यात बारा वाफे भिजतेत का? मंग आठ बंद केले, चार चालू ठेवले. दहा मिनिटं हे चार, दहा मिनिटं ते चार, मंग उरलेले चार. ओलीत करतो तसं."

मी मापटं लावलं. चालू चार नळ्यांना मिनिटाला दीडच्या आसपास पाणी येत होतं. कूलरची मोटर सहा लिटरच देत होती आणि या बाईने ते बरोबर चार नळ्यांत बसवलं होतं. बंद नळ्यांतली पानं जराशी मलूल होती, पण जिवंत. मी एकेक रोप हाताने चाचपत शेवटपर्यंत गेले. तीनशे चोपन्न. सहा मीच नेली होती. माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिथेच खाली बसून रडले.

"आई, फोन काहून नाई उचलला?"

"दर दहा मिनिटाले कॉक फिरवू का तुहं आयकू? तू सांगत रायली असती, मी लोटा घिऊन पयत रायली असती."

"माहं चुकलं आई. त्या दिशी मी फार बोलली."

"बोलली तं बोलली." त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेऊन आत बघितलं. "एकच आणली?"

"म्हणजे?"

"हेही जयाली तं? मी एका दिसाले मायेरी गेली तं तू चूल बंद ठेवतं का? घरात दोघी असल्या म्हणून भागते." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "दोन बसव. अन् वांग्याचे चार वाफे संकरातीपासून रिकामेच हायेत. तिकडंही टाक तुह्या नळ्या. उतार तू लाव, मले ते समजत नाई."