काही नव्हतंच त्यात

सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टर मी आहे, पण राज्य आमच्या मदतनीस मावशींचं. बावीस वर्षं झाली. पोटावर लावायच्या जेलची बाटली कोमट पाण्यात बसवून ठेवणं, टेबलावरचा कागद बदलणं, पडदा ओढणं, आलेल्या बाईच्या चपला सरळ लावून ठेवणं, सगळं त्यांच्याकडे. एकदा घाईत मी गार जेल वापरलं, तर म्हणाल्या, "तुमच्या पोटावर ओतून बघू का?" मी तशी तापट, पण त्यांच्यापुढे माझी डाळ शिजत नाही.

मावशींचे दोन नियम. यंत्राच्या पडद्यावर काय दिसतंय त्याबद्दल खोलीत तोंड उघडायचं नाही. आणि बाहेर बाकावर कुणी रडत असेल, तर तिला एकटं सोडायचं नाही. त्यासाठी त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. जिच्या पोटातली गर्भाची पिशवी रिकामी निघाली, त्या बाईशेजारी बसायच्या, पाठीवर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "रडू नको गं बाई. काही नव्हतंच त्यात." मला ते वाक्य चांगलंच वाटायचं. खोटं तर नाही ना, मग झालं.

त्या दिवशी सकाळी पहिली आली एक शाळेतली शिक्षिका. पाळीच्या तारखेवरून सात आठवडे. दुखणं नाही, डाग नाही, उलट्या मात्र भरपूर. आतून तपासणी केली. गर्भाशयात गोल काळी पिशवी, भोवती पांढरी जाड कड, आणि आत काहीच नाही. तीन बाजूंनी मोजून सरासरी काढली, सतरा मिलिमीटर.

"गेलं का?" तिने विचारलं.

"आज सांगता येणार नाही. पिशवी पंचवीस मिलिमीटरची झाली आणि तरी आत गर्भ नाही, तर मी खात्रीने बोलेन. कदाचित तारखाच मागेपुढे असतील. चौदा दिवसांनी या."

या चौदा दिवसांवरून लोक माझ्यावर फार चिडतात. चिडोत बापडे. जे कदाचित अजून उगवायचं आहे, त्यावर मी घाईने माती लोटणार नाही.

दुसरी आली ती मावशींची सून. तिलाही सातच आठवडे, पण पहाटेपासून लाल रक्त जात होतं. मावशींनीच तिला हाताला धरून आणलं. सून टेबलावर आडवी झाली. मावशी तिच्या उशाशी उभ्या राहिल्या, ओठ घट्ट मिटून.

आणि पडद्यावर ते दिसलं. शेंगदाण्याएवढा जीव, आणि त्याच्या मधोमध काहीतरी लुकलुकतंय. मिनिटाला एकशे चाळीस वेळा. हजारो वेळा पाहिलंय मी हे, पण अजून एकदाही सवय झालेली नाही. बाहेर आईचं रक्त वाहतंय, घरचे गर्भगळीत झालेत, आणि हा पठ्ठ्या आपल्या कामात गढलेला.

पिशवीच्या बाजूला एक काळी पट्टी होती, कोयरीसारखी वाकडी. पिशवीचं आवरण आणि गर्भाशयाची भिंत यांच्या मधे रक्त साचलं होतं. फार मोठं नव्हतं. बाहेर रांग लागली होती, म्हणून मी भराभरा सांगितलं, "ठोके छान आहेत. बाजूला थोडं रक्त साचलंय. एवढंसं असलं की बहुतेक वेळा आपोआप जिरतं. हमी देत नाही, पण घाबरूही नका. अंथरुणाला खिळून राहायची गरज नाही. रक्त जाणं वाढलं किंवा पोट फार दुखलं तर लगेच या. नाहीतर चौदा दिवसांनी."

मावशींनी सुनेला हात देऊन उतरवलं आणि काही न विचारता बाहेर नेलं. नियमच होता.

पुढचे दोन आठवडे त्या माझ्याशीही कामापुरतंच बोलल्या. जेल दोनदा गार निघालं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. सुनेची काळजी, दुसरं काय, असं म्हणून मी सोडून दिलं.

चौदाव्या दिवशी सून पुन्हा टेबलावर. डाग आठवड्यापूर्वीच थांबले होते. मी प्रोब टेकवला आणि आपोआप हसले. दोन आठवड्यांपूर्वीचा शेंगदाणा चक्क हातपाय हलवत होता! अडीच सेंटिमीटरचा जीव आणि दंगा केवढा. रक्ताची पट्टी आक्रसून नखाच्या कडेएवढी उरली होती, काळ्याची राखाडी झाली होती. मी सांगितलं, तशी सून रडायलाच लागली.

"आणि दुसरं?" मावशींनी विचारलं.

मी वळून पाहिलं. पडद्यावरच्या चित्राबद्दल बावीस वर्षांतला त्यांचा पहिला प्रश्न होता तो.

"कुठलं दुसरं?"

"दोन काळी भोकं होती ना त्या दिवशी. एकात बाळ, एक रिकामं. जुळ्यातलं एक गेलं, आणि हिच्यासमोर नको म्हणून तुम्ही रक्त म्हणालात. मी समजले. चौदा दिवस मोरीत नळ सोडून रडतेय मी."

"अहो आई!" सून उठून बसली.

मला माझाच राग आला. बावीस वर्षं माझ्या खांद्यावरून पडदा पाहणाऱ्या बाईला मी एकदाही नीट समजावून सांगितलं नव्हतं. मी जुनं चित्र काढलं. "हे बघा. पिशवी असली की तिच्याभोवती पांढरी जाड कड असते, रिकामी असली तरी. या दुसऱ्याला कड आहे का? नाही. सांडलेल्या पाण्यासारखं जागा मिळेल तिकडे पसरलंय. हे रक्तच, मावशी. जुळं कधी नव्हतंच."

"नव्हतंच?"

"नव्हतंच."

त्या हसल्या, मग रडल्या, मग पदराने नाक पुसून म्हणाल्या, "आणि जी खरीच रिकामी असते? तिच्यात असतं का कुणी?"

"सुरुवात झालेली असते. गर्भ रुजतो आणि अगदी आरंभीच थांबतो. बहुतेकदा बीजांच्या पहिल्या जुळणीतच काहीतरी चुकलेलं असतं, आईचा त्यात काही दोष नसतो. पण शरीराला ते लगेच कळत नाही. ते घर बांधत राहतं. उलट्या येतात, पिशवी वाढत राहते."

"कुणी राहायला येणार नसताना?"

"हो."

मावशी त्या पांढऱ्या कडेकडे बघत राहिल्या. मीही बघितलं, आणि खरं सांगते, इतक्या वर्षांनी प्रथमच अंगावर काटा आला.

त्यानंतर शिक्षिका आली. पिशवी वाढली होती, अठ्ठावीस मिलिमीटर. आत गर्भ नव्हता, काहीच नव्हतं. आता मला खात्रीने बोलायचं होतं आणि मी बोलले. पुढे काय करता येईल तेही सांगितलं. वाट बघायची, गोळ्या घ्यायच्या की पिशवी साफ करून घ्यायची, ते तिच्या डॉक्टरांशी बोलून तिने ठरवायचं. तिने मान हलवली, चपला घातल्या आणि बाहेर जाऊन बाकावर बसली. मावशी तिच्या मागोमाग गेल्या. दार अर्धवट उघडं होतं.

"नाही, मी ठीक आहे," शिक्षिका म्हणत होती. "रडण्यासारखं काय आहे? काही नव्हतंच त्यात."

बाक करकरला, मावशी शेजारी टेकल्या असाव्यात.

"असं कोण म्हणतं?" मावशी म्हणाल्या. "होतं. मी पाहिलंय. रडा तुम्ही."

आणि मग तिचं रडू ऐकू आलं. मावशी बराच वेळ आत आल्या नाहीत. पुढची बाई टेबलावर येऊन झोपली होती. मी मोरीत गेले, पातेल्यात कोमट पाणी घेतलं आणि जेलची बाटली त्यात बसवली.