मधे बोलू नका, ताई

माझ्या धाकट्या जावेला इंग्रजीचं व्याकरण मी शिकवलं, हे आधीच सांगून टाकते. ती लग्न होऊन भंडाऱ्याकडच्या एका गावातून भिलाईला आली, तेव्हा तिला काळ म्हणजे काय ते धड माहीत नव्हतं. आणि मी? एम.ए. इंग्रजी. आठ वर्षांपासून आमच्या सेक्टरमधल्या कारखान्याच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात दहावीच्या पोरींना ट्यूशन देत होते. बारा काळांचा तक्ता मला झोपेत विचारला असता तरी सांगितला असता. फक्त एक गोष्ट कोणाला माहीत नव्हती. मला इंग्रजी बोलता येत नव्हतं.

म्हणजे वाचता यायचं, लिहिता यायचं, दुसऱ्याच्या चुका तर मी लांबून हेरायची. पण समोरच्याने अचानक काही विचारलं की माझ्या डोक्यात तक्ता उघडायचा. कर्ता कोणता, काळ कोणता, क्रियापदाचं तिसरं रूप काय. तो तक्ता वाचून होईपर्यंत समोरचा माणूस घड्याळ बघायला लागायचा. ट्यूशनमध्ये हे खपून जायचं, कारण तिथे मी हिंदीतच शिकवायची. भिलाईत काय, आंध्रचा, बंगालचा, केरळचा, आपला विदर्भाचा, सगळ्यांचं हिंदीवर भागतं.

मग जवळच्या एका इंग्रजी शाळेत प्राथमिकच्या बाईंची एक जागा निघाली. एकच. मी अर्ज केला. जावेनेही केला.

"तू कावून अर्ज भरून राहिली?" मी विचारलं.

"बघतो ना ताई. तुमीच तं शिकवलं मले," ती म्हणाली, आणि हसली. तिचं हे हसणं मला तेव्हापासूनच खुपायला लागलं. मला ती नोकरी हवी होती. गळ्यात ओळखपत्र, हातात हजेरीपट, लोकांनी मॅडम म्हणावं. व्हरांड्यातली सतरंजी झटकून झटकून मी थकले होते. आणि ही काल आलेली माझ्याच वह्या वाचून माझ्याच जागेवर डोळा ठेवून बसली होती.

लेखी परीक्षा झाली. मी पहिली, ती सहावी. सासूबाईंनी सगळ्यांसमोर माझ्या तोंडात पेढा घातला. पण पहिल्या सहांना मुलाखतीला बोलावलं होतं, आणि मुलाखत इंग्रजीत, नुसती बोलण्याची. मधे तीन आठवडे होते.

जाऊ सिव्हिक सेंटरच्या बाजारातल्या इंग्रजी बोलण्याच्या क्लासला जायला लागली. तिथल्या सरांची एक तऱ्हा होती. एखादी स्वतःची गोष्ट घ्यायची आणि ती चार मिनिटांत एकाला सांगायची. लगेच तीच गोष्ट दुसऱ्याला तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. ऐकणाऱ्याने मधे अजिबात बोलायचं नाही. गोष्ट संपल्यावर एकाच जातीची चूक सांगायची. या आठवड्यात भूतकाळ म्हणजे फक्त भूतकाळ, बाकी कितीही गचाळ असो, सोडून द्यायचं.

"हे काय शिकवणं झालं?" मी म्हटलं. "चुका तशाच राहू द्यायच्या?"

"सर म्हणतात, पहिल्या वेळी काय सांगावं त्यातच जीव जातो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी गोष्ट तयार असते, तवा ध्यान क्रियापदावर जाते. समदं एकदम धराले गेलं का काहीच हाती लागत नाही." मग पदराला हात पुसत ती म्हणाली, "ताई, घरी तुमी ऐकान का माझं? दुपारी, पोळ्या झाल्यावर."

मी ऐकलं. पहिल्या दिवशी तिने बाजाराची गोष्ट सांगितली, आणि 'यस्टरडे आय गो, आय सी, ही गिव्ह मी' असं तिचं धाडधाड चाललं होतं. मला मनातून गुदगुल्या झाल्या. म्हटलं, बोल बाई, असंच बोल. पण आठवड्याने? 'वेंट' आलं, 'सॉ' आलं. कधी 'गो' निघालं तर ती तिथेच जीभ चावून 'वेंट' म्हणायची आणि पुढे पळायची. थांबायची नाही. तिला माहीत असलेला नियम हळूहळू तिच्या जिभेवर उतरत होता, मला डोळ्यांसमोर दिसत होतं. आणि माझा नियम? तो वहीतच बसून होता, सुंदर अक्षरात.

खरं सांगते, माझा जळफळाट झाला. हिला माझ्या निम्मंही येत नाही, आणि ही बोलते! सासूबाईंना इंग्रजीचा गंध नाही, पण त्याही दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काय फाडफाड बोलून राहिली माझी सून!" मला त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी मधे बोलायला लागले.

तिने तोंड उघडलं की मी टोकायची. "'द' राहिला." ती पुन्हा सुरू करायची. "'इन' नाही, 'अॅट'." पुन्हा सुरू. "एकवचन." "उच्चार." "आता 'द' नको होता." प्रत्येक टोकणं बरोबर होतं, हेच तर त्यातलं वाईट. कोणी विचारलं असतं तर मी छाती ठोकून म्हणाले असते, मी तिला शिकवते आहे. पण काय होतंय ते मला पक्कं माहीत होतं. माझं स्वतःचं तेच झालेलं होतं. चौथ्या दिवशी ती वाक्याच्या आधी थांबायला लागली. डोळे वर जायचे, ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही. आलेलं 'वेंट'सुद्धा पुन्हा 'गो' झालं. ती माझ्यासारखी दिसायला लागली, आणि मला, देवा, मला बरं वाटलं.

दोन दिवस ती माझ्याकडे आलीच नाही. तिसऱ्या दुपारी कागद आणि पेन्सिल घेऊन आली.

"मधे बोलू नका, ताई," ती म्हणाली. आवाज शांत होता. "जे दिसंल ते इथं लिहा. झाल्यावर मी पाहतो."

मी मुद्दाम पान भरून लिहिलं. तिने ते वाचलं, भूतकाळाच्या दोन चुकांखाली रेघ मारली, बाकीचं तसंच सोडलं, आणि गोष्ट पुन्हा सुरुवातीपासून सांगितली. त्या दोन्ही जागा बरोबर आल्या. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण बोलायची सोय राहिली नव्हती.

मुलाखतीला आम्ही एकाच स्कूटीवर गेलो. मला आधी बोलावलं. टेबलामागे तिघं. मी पाठ केलेली ओळख म्हणून दाखवली, सुरेख झाली. मग मधल्या मॅडमनी सहज विचारलं, कधी कुठे उशीर झाला होता का, सांगा. एवढंच. मला लगेच आठवलं, दुर्ग स्टेशनला गोंदियाची गाडी चुकली होती ते. आणि स्टेशनवर पोचण्याआधी गाडी सुटली होती, हे वाक्य तर मी पोरींना शंभरदा उतरवून दिलं असेल!

"व्हेन आय हॅड रीच्ड," मी म्हटलं. "नो. व्हेन आय रीच्ड, द ट्रेन लीव्ह... लेफ्ट... हॅज... सॉरी." मी पहिल्यापासून सुरू केलं. बरोबर आलेलंही पुसलं आणि चुकीचं घातलं. कानात कोणीतरी टोकत होतं, आणि तो आवाज माझाच होता. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

मी बाहेर बाकावर बसले, जाऊ आत गेली. खिडकी उघडी होती. तिला विचारलं, कधी फजिती झाली का? तिने मला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात ती भाजी घेऊन आली, आणि आमच्या सेक्टरमधली क्वार्टरं सगळी एकसारखी, तर ती तिसऱ्याच घरात शिरली. भाजी ओट्यावर ठेवली, नळाखाली पाय धुतले, आणि आतून एक अनोळखी आजी आली. आजीने ओरडण्याऐवजी चहा केला. चहा पिऊन पळत घरी आल्याचं सांगताना 'आय रन,' ती म्हणाली, लगेच 'आय रॅन' केलं आणि पुढे गेली. 'द' दोनदा गळला, मी मोजला. पण भूतकाळ सरळ चालला होता, न घोकलेल्या गोष्टीतसुद्धा. आत तिघंही हसत होती.

नोकरी तिला मिळाली.

मी महिनाभर तिच्याशी कामापुरतं बोलले. सकाळी ती साडी नेसून, गळ्यात ते ओळखपत्र घालून निघायची, तेव्हा मी मुद्दाम मोरीत कपडे घासत बसायची. मग एका रविवारी दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली आणि मोबाइलवर चार मिनिटांची घंटी लावली.

"पुढच्या सत्रात आणखी एक जागा निघून राहिली. बोला. मी मधे बोलत नाही."

"मले नाही जमत."

"कोणतीही गोष्ट. घरातलीच सांगा."

माझ्या मनात एकच गोष्ट होती. चार मिनिटांत मी ती गोल गोल फिरवून सांगितली. एक बाई होती, तिची जाऊ अभ्यास करायची, बाई मदत करायची. वाक्यं तपासत, अडखळत. ती ऐकत राहिली. मग तीच गोष्ट तीन मिनिटांत सांगताना मदत हा शब्द गळला. वेळ पुरत नव्हता. 'शी'ची 'आय' कधी झाली, कळलंच नाही.

मग तिने दोन मिनिटं लावली. आता तक्ता उघडायला जागाच नव्हती. गोष्ट आपोआप धावत होती आणि मी तिच्यामागे.

"आय वॉज जेलस," माझ्या तोंडून निघालं. "आय स्टॉप्ड यू अगेन अँड अगेन. आय वॉन्टेड यू टू फेल."

घंटी वाजली. ती बंद करायला तिचा हात पुढे आला नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा न थांबता इंग्रजीत बोलले होते, आणि बोलले होते ते हे. मला तिच्याकडे बघवेना.

"मले तवाच समजलं होतं, ताई," ती म्हणाली.

"मग तरी दुपारी माझ्याचपाशी कावून येत होती?"

तिने घंटी बंद केली. "या घरात माझं इंग्रजी ऐकून घेणारं," ती म्हणाली, "दुसरं कोण होतं?"